देवीच्या निर्माल्याचा रंग

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीं आमच्या आळींतील देवळांतून झेंडूच्या ज्या माळा निघतात, त्या देवळामागच्या विहिरींत टाकण्याची वहिवाट आहे. चार दिवसांत त्या पाण्याला दुर्गंधी येते; पण निर्माल्य पायदळीं येऊं नये, या भावनेपोटीं कोणी बोलत नाहीं. ती भावना मलाहि मान्य आहे. म्हणूनच या फुलांनीं वस्त्र रंगवून पाहावें, असें माझ्या मनांत आलें.

पहिल्या खेपेस फजिती झाली. जुना पंचा लोखंडी कढईंत फुलांबरोबर उकळला. रंग चढला तो शेवाळी, आणि दोन धुण्यांत तोहि निघून गेला. घरांतील हरकत निराळीच होती. "देवीला वाहिलेलें फूल कमरेला गुंडाळणार का?" असें सौभाग्यवतींनीं विचारलें. त्यांचें म्हणणें पटलें. तेव्हांपासून मी उपरणेंच घेतों.

रंग न टिकण्याचें कारण मागाहून उमगलें. सुती धागा हा रंग आपण होऊन धरून ठेवीत नाहीं. हिरड्यांतील तुरट द्रव्य आधीं धाग्यांत मुरावें लागतें. त्याच्या आधारानें तुरटी बसते आणि तुरटीला रंग धरतो. लोखंडाचा अंश मिसळला कीं पिवळा रंग हिरवट-काळपट होतो, म्हणून भांडें स्टीलचें हवें.

यंदा उपरणें 200 ग्रॅम वजनाचें होतें. धुण्याच्या सोड्यांत उकळून त्याची खळ काढली. मग 40 ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यांत कालवून त्यांत तें रात्रभर भिजविलें, आणि न खळबळतां पिळून सावलींत वाळविलें. नंतर 30 ग्रॅम तुरटी ऊन पाण्यांत विरघळवून त्यांत तें चार तास ठेविलें. गुलाल लागलेल्या माळा वगळल्या, कारण गुलालाचा रंगहि काढ्यांत उतरतो. उरलेल्यांचे दोरे काढून 400 ग्रॅम पाकळ्या तासभर मंद आंचेवर शिजविल्या, पाणी गाळलें, त्यांत उपरणें पाऊण तास ऊन ठेवून तसेंच निवूं दिलें.

फूल नारिंगी असूनहि उपरणें पिवळें झालें, याचें शेजाऱ्यांस नवल वाटलें. पाकळीचें नारिंगी द्रव्य पाण्यांत विरघळत नाहीं. काढ्यांत उतरतें तें तिच्यांतच दडलेलें दुसरें, पिवळें.

सौभाग्यवतींनीं ओलें पांढरें फडकें उपरण्यावर घासून पाहिलें. किंचित् पिवळें लागलें. "वेगळें धुवा आणि उन्हांत घालूं नका," एवढाच निर्णय मिळाला. ऊन या रंगाला खरोखरच मानवत नाहीं. चोथा वाळक्या पाल्यांत मिसळून पारिजातकाच्या आळ्यांत पुरला.

यंदा पुजाऱ्यांनीं आपण होऊन दोन टोपल्या माळा आमच्या ओटीवर आणून ठेविल्या. एका उपरण्याला लागलीं अर्धा किलोच्या आंतलीं फुलें. बाकीच्या टोपल्या नेहमीप्रमाणें विहिरींतच गेल्या.