त्रिसरणावर कुणाची मालकी?

वैशाख पौर्णिमेचा व्हिडिओ चढवला आणि तिसऱ्याच दिवशी मेल आला. आमच्या ग्रुपवर लगेच सुरू झालं: "स्ट्राइक आली, चॅनल बंद पाडायचा डाव आहे." आम्हीही रागात एक पोस्ट लिहून टाकली. मेल मात्र नीट कुणीच वाचला नव्हता.

तो स्ट्राइकचा नव्हताच. यूट्यूबवर क्लेम वेगळा आणि स्ट्राइक वेगळी, आणि आपल्या बहुतेक चॅनलवाल्यांची गल्लत इथेच होते. क्लेममध्ये व्हिडिओ बहुधा जागेवरच राहतो, फक्त जाहिरातीचे पैसे दावेदाराकडे वळतात. कॉपीराइट स्ट्राइकमध्ये दावेदाराच्या अर्जावरून व्हिडिओच काढलेला असतो, आणि ९० दिवसांत अशा तीन झाल्या की चॅनल जातं. (नियमभंगाची स्ट्राइक आणि कमाई बंद झाल्याची नोटीस यांचे रस्ते आणखी वेगळे. पहिलीला अपील ९० दिवसांत, दुसरीला २१ दिवसांत.) घाबरून व्हिडिओ डिलीट करणारे खूप भेटतात. डिलीट केल्याने स्ट्राइक पुसली जात नाही.

स्टुडिओत Content मध्ये गेलो. व्हिडिओसमोर Restrictions च्या रकान्यात Copyright लिहिलं होतं. त्यावरून तपशील उघडला तर दावे दोन निघाले, आणि प्रत्येकापुढे मिनिट-सेकंद दिलेले. मग हेडफोन लावून तेवढेच तुकडे ऐकले.

एका तुकड्यात मंडपातल्या स्पीकरवर वाजणारं कॅसेटचं गाणं होतं. गाणं आपल्या चळवळीचं असलं तरी रेकॉर्डिंग कंपनीचं. दावा खरा होता. Erase song वापरून गाणं काढलं, विषय संपला. असल्या दाव्याशी भांडण्यात अर्थ नाही, हे काही कार्यकर्त्यांना पटत नाही.

दुसरा तुकडा त्रिसरण-पंचशीलाचा. एका संगीत कंपनीने तो आपला म्हणून सांगितला होता. म्हणणाऱ्या आमच्या विहारातल्या उपासिका, रेकॉर्डिंग आमच्या मोबाइलचं. विहारातल्या मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "त्रिसरण कोणाच्या मालकीचं झालं रे बाबा?" प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. पाली पाठ कुणाचाच नाही, पण तो पाठ एखाद्या गायकाने स्टुडिओत म्हटला की ते रेकॉर्डिंग कंपनीचं होतं. आम्ही त्यांची सीडी मागे लावली असती तर दावा बरोबर ठरला असता. इथे मशीनने चाल जुळवली होती.

Dispute निवडलं. पाच दिवसांच्या आत हे केलं तर दाव्याच्या पहिल्या दिवसापासूनचे पैसे कुणालाच न देता राखून ठेवतात. उशीर केला तर हरकत घेतल्या दिवसापासूनचेच. कारणाच्या जागी आमच्यातल्या एकाने अन्याय, जातीयवाद असं लांबलचक लिहिलं होतं, ते खोडलं. वाचणाऱ्याला ठरवायचं असतं फक्त आवाज कुणाचा ते. आम्ही लिहिलं: "या भागातील आवाज आमच्या विहारातील उपासिकांचा आहे. वैशाख पौर्णिमेला आम्हीच मोबाइलवर रेकॉर्ड केला. पाठ पारंपरिक पाली आहे. तुमच्या रेकॉर्डिंगमधील आवाज किंवा वाद्य यात नाही."

हरकत यूट्यूबकडे जात असेल असा आमचा समज होता. ती जाते दावेदाराकडेच, आणि उत्तराला त्याला ३० दिवस असतात. म्हणजे ज्याने दावा केला तोच पहिला न्यायाधीश! नवव्या दिवशी "दावा कायम" असं उत्तर आलं.

पुढची पायरी अपिलाची. इथे दावेदाराला सातच दिवस मिळतात, आणि आपल्यालाही नाव, पत्ता, फोन द्यावा लागतो. खरी जोखीम इथून सुरू होते. अपील नाकारायचं तर दावेदार व्हिडिओ काढायचा अर्ज करतो, आणि मग खरोखरची स्ट्राइक बसते. तिच्याविरुद्ध प्रतिनोटीस देता येते, पण ती आपल्या नाव-पत्त्यासकट दावेदाराच्या हाती जाते, आणि १० कामकाजी दिवसांत त्याने कोर्टात गेल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत येतो. अत्याचाराच्या प्रकरणांवर बोलणाऱ्या चॅनलवर घरचा पत्ता कुणाचा द्यायचा, हे भरायला बसल्यावर नव्हे, आधीच ठरवावं लागतं. आमच्यात त्यावरून एक संध्याकाळ गेली. शेवटी ज्याच्या नावावर चॅनलचं खातं आहे त्याचंच नाव आणि संस्थेच्या कार्यालयाचा पत्ता दिला. मूळ फाइल मोबाइलमध्ये जपून ठेवली होती. तारीख तिच्यातच असते.

सात दिवस उत्तर आलं नाही. आठव्या दिवशी दावा आपोआप सुटला. राखून ठेवलेले पैसे खात्यात दिसले: २१४ रुपये. ती रागातली पोस्ट आम्ही त्याच दिवशी काढली.