पतंगासारखा चेहरा

गेल्या श्रावणात मी केस कापले. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, आपल्या लश्करातल्या नया बाजारच्या एका पार्लरमध्ये. निमित्त खांद्याचं झालं. उजवा खांदा आखडला, हात कानाच्या वर जाईना आणि स्वतःची वेणी स्वतःला घालता येईना. दोन महिने सूनबाईने घातली. तिची सकाळची शाळेची घाई. ती काही बोलत नसे, पण मलाच अवघडल्यासारखं व्हायचं.

केस कापायचे हे ठरलं, पण कसे कापायचे हा प्रश्न होता. कारण माझा चेहरा. आई म्हणायची, "आमच्या मोठीचा चेहरा पतंगासारखा. वर टोक, खाली टोक, मध्येच रुंद." कपाळ अरुंद, गालांची हाडं उंच, हनुवटी निमुळती. हल्ली पार्लरवाल्या मुली याला डायमंड शेप म्हणतात. तेव्हा नाव नव्हतं, फक्त काळजी होती.

या चेहऱ्याचा पहिला घोटाळा मी कॉलेजात असताना केला. त्या वेळी साधना कटचं वेड होतं. साधनाचं कपाळ रुंद होतं. ते झाकावं म्हणून 'लव्ह इन शिमला'च्या वेळी, म्हणजे १९६० साली, दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी ऑड्री हेपबर्नसारखी कपाळावर बट आणायला सांगितलं, आणि ती बट देशभर गाजली. मी बी.कॉम.ला असताना आईच्या शिवणाच्या कात्रीने तशीच बट कापली. विचार एवढाच केला नाही, की तिला झाकायला कपाळ होतं, माझं आधीच चार बोटं! बट आली आणि कपाळ गेलं. चेहरा एकदम गालफडांपासूनच सुरू झाला. त्याच महिन्यात पाहायला आलेली मंडळी म्हणाली, "मुलगी जरा अशक्त वाटते." आईने मग रोज बदामाचा शिरा सुरू केला. वजन वाढलं, हाडं तिथेच राहिली.

त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी उलट टोकाला गेले. मधोमध भांग, चापून तेल, घट्ट अंबाडा. बँकेच्या ओळखपत्रांवरचे सगळे फोटो तसेच आहेत. तेही चुकीचंच होतं, हे आता कळतंय. कानशिलावरचे केस डोक्याला चिकटवले की चेहऱ्याची वरची बाजू आणखी निमुळती दिसते, आणि गालांची हाडं एकटीच बाहेर येतात.

या वेळी नातीने सूत्रं हातात घेतली. केस मागे बांधून तिने मला खिडकीसमोर बसवलं आणि प्लास्टिकची पट्टी चेहऱ्यासमोर आडवी धरून मापं घेतली. कपाळ मध्यावर, केसांपासून केसांपर्यंत, साडेदहा सेंटीमीटर. गालांची हाडं सर्वांत रुंद जागी तेरा. कानाखाली जबडा साडेनऊ. केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत लांबी अठरा. "आजी, बघ. सगळ्यात रुंद कपाळ असतं तर बदामासारखा चेहरा म्हटलं असतं. तुझे गाल रुंद आहेत आणि वर-खाली दोन्हीकडे कमी आहे. पक्का डायमंड." वय वाढलं तसा तो जास्तच पक्का झाला होता. कानशिलं खोल गेली आणि खालच्या दाढा काढल्यावर जबडा आत गेला.

मला हे लगेच कळलं, कारण हिशेब ओळखीचा होता. वर तूट, खाली तूट, मध्ये शिल्लक. तूट असेल तिथे केसांचा भराव द्यायचा आणि शिल्लक असेल तिथे काही घालायचं नाही.

पार्लरमधल्या मुलीने आधी गालापर्यंतचा बॉब सुचवला. "आंटी, बहुत स्मार्ट लगेगा." नातीने तिला थांबवलं आणि कात्री लावायच्या आधी एक सोपी युक्ती केली. केस मोकळे सोडून आतल्या बाजूला दुमडले आणि पिना लावून आधी गालाशी, मग हनुवटीखाली थांबवले. गालाशी टोकं आली तेव्हा आरशात मला कंदील दिसला. जिथे चेहरा रुंद, तिथेच केसही फुगलेले. हनुवटीच्या दोन बोटं खाली आणल्यावर जबड्याच्या बाजूला केस भरले आणि हनुवटी टोचेनाशी झाली. फरक पाहायला एक केसही कापावा लागला नाही. कोणीही कापण्याआधी हे करून पाहावं.

मग ठरलं ते असं. भांग मधोमध नाही, डावीकडे. टाळूवर केस उंच करायचे नाहीत, त्याने चेहरा आणखी लांबतो. फुगीरपणा कानशिलाशी हवा. पुढची बट सरळ न कापता भांगापासून तिरपी, भुवईच्या बाहेरून उतरून गालाच्या हाडाच्या खाली संपणारी. कपाळ झाकायचं नाही, त्याची कड फक्त मऊ करायची. थर द्यायचे तर हाडाच्या खालपासून, आणि टोकं किंचित आत वळलेली.

एक चूक तरीही झाली. माझे केस थोडे कुरळे. ओले असताना ताणले जातात आणि वाळले की वर चढतात. खालचे केस दोन बोटं लांब ठेवून, वाळवून मग नेमके केले. बट मात्र ओलीच कापली गेली, आणि वाळल्यावर नेमकी गालाच्या हाडावर येऊन बसली. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. दोन महिने ती बट कानामागे खोचून काढले. त्यातूनही एक कळलं. एका बाजूचे केस कानामागे घेतले की गालाचं हाड उघडं पडतं आणि ते वाईट दिसत नाही. दोन्हीकडचे घेतले की परत अंबाड्याचा जुना चेहरा.

केस विरळ असल्यामुळे कानशिलाशी फार फुगत नाहीत, ते आहे. तेल आता न्हाण्याच्या आदल्या रात्रीच लावते, आणि मान खाली घालून केस वाळवते. तेवढ्यावर भागतं.

इंदूरच्या धाकट्या बहिणीला मात्र हे पटलं नव्हतं. फोनवर म्हणाली, "अक्का, भावजींना जाऊन तीनच वर्षं झाली. आता केस कापलेस तर लोक काय म्हणतील?" तिला आमची आजी आठवत होती, हे मला कळलं. लाल आलवणातली आजी. न्हावी मागच्या दाराने यायचा, तेव्हा आम्हा मुलींना माडीवर पाठवत. आजीला कोणी विचारलं नव्हतं. कोणी तिला आरसाही दिला नव्हता.

मी म्हटलं, "छोटी, माझ्यासमोर पुरता आरसा होता, आणि किती कापायचे ते मीच सांगितलं." ती बराच वेळ गप्प राहिली.

दिवाळीनंतर तिचा फोटो आला. केस मागे बांधलेले, कपाळासमोर सुनेने धरलेली पट्टी. खाली लिहिलं होतं, "मोजून सांग." तिचं कपाळ साडेबारा निघालं आणि गालही तेवढेच. चेहरा आईवर गेलाय. मी कळवलं, "तुझा पतंग नाही. तू साधना कट खुशाल कर."