एकच शांतता, दोन कारणं

पाठीवर स्टेथोस्कोप ठेवावा, रुग्णाला लांब श्वास घ्यायला सांगावं आणि एका बाजूला श्वासाचा आवाजच येऊ नये, तर त्यातून नेमकं एवढंच कळतं की तिथे काहीतरी बिघडलंय. छातीत हवा शिरली असली तरी आवाज जातो, पाणी साठलं असलं तरी जातो. म्हणून कानाला नळी लावण्याआधी मी छातीवर बोटाने वाजवून बघतो. स्मृति नगरच्या माझ्या छोट्या दवाखान्यात नवीन मुलं शिकायला येतात, त्यांना याचं हसू येतं. सोनोग्राफी कोपऱ्यावर असताना हे कशाला, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. गेल्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात दोन रुग्ण आले आणि मला त्यांना समजावत बसावं लागलं नाही.

पहिल्या आमच्याच गल्लीतल्या एक काकू, मूळच्या गोंदियाच्या. महिनाभर संध्याकाळची कणकण, भूक गेलेली, जिना चढला की धाप. त्या दम खात, पण शांतपणे बोलत होत्या. "डॉक्टर, उजव्या कुशीवरच झोपावंसं वाटतं. डावीकडे वळले की जीव घाबरतो." एवढ्यावरच मला उजव्या बाजूचा संशय आला. जड बाजू खाली ठेवली की वरचं चांगलं फुप्फुस मोकळेपणाने फुगतं.

त्यांना स्टुलावर बसवलं, पाठीवर डाव्या हाताचं मधलं बोट बरगड्यांमधल्या खाचेत घट्ट टेकवलं आणि उजव्या हाताच्या बोटाने ठोकत वरून खाली आलो. खांद्याच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत पोकळ नाद होता. पुढे अचानक दगडावर ठोकल्यासारखा बद्द आवाज, आणि बोटाखाली एक कठीणपणा. ही खूण कानापेक्षा बोटालाच आधी कळते. ही युक्ती १७६१मध्ये व्हिएन्नाच्या लिओपोल्ड औएनब्रुगर यांनी पुस्तकात लिहिली. त्यांच्या वडिलांची खानावळ होती, आणि पिंपात दारू कुठवर आहे ते तिथे ठोकूनच बघत, असं सांगतात.

मग नळी लावली. बद्द भागावर श्वास जवळजवळ ऐकूच येत नव्हता. "एक, दोन, तीन" म्हणायला लावलं तर तळहाताला कंपही जाणवेना. पण पाण्याच्या पातळीच्या अगदी वर, बोटभर पट्ट्यात, श्वास उलट मोठा आणि खरखरीत येत होता, गळ्यावर नळी ठेवल्यावर येतो तसा. तिथे "ई" म्हणायला सांगितलं तर कानात "ए" आलं, नाकातून बोलल्यासारखं. स्टेथोस्कोप शोधणाऱ्या लायनेक यांना यात बकरीचं बेंबटणं ऐकू आलं होतं.

हे असं का होतं? फुप्फुसाचा ओढा आत आकसण्याकडे, बरगड्यांचा बाहेर फाकण्याकडे. दोघांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडा कमी असतो, शांत बसलेल्या माणसात साधारण पाच सेंटीमीटर पाण्याइतका. याच फरकामुळे फुप्फुस बरगड्यांना चिकटून फुगलेलं राहतं. काकूंच्या या जागेत पाणी होतं, फुप्फुसाच्या आत नाही. पाणी तळाशी बसतं, त्यामुळे खालचा भाग दाबून त्यातली हवा निघून जाते आणि उरलेलं फुप्फुस वर तरंगतं. मोठ्या श्वासनलिकांतला घोंघावणारा आवाज एरवी हवेने भरलेलं निरोगी फुप्फुस गाळून मऊ करतं. दबलेल्या भागात ती गाळणी उरत नाही, म्हणून पातळीच्या वर आवाज कर्कश येतो. खाली मात्र पाण्याच्या थरावर तो आदळून परततो, आणि मुळात तिथे फारशी हवा खेळतच नसते.

सोनोग्राफीने जागा ठरवून काकूंचं एक लिटर पिवळसर पाणी काढलं. शेवटी त्यांना खोकला सुटला आणि आम्ही थांबलो. दबलेलं फुप्फुस फार झपाट्याने उलगडलं तर त्यातच सूज येऊन पाणी झिरपू शकतं, म्हणून एका बैठकीत दीड लिटरच्या पुढे सहसा जात नाहीत. पाण्यात लिम्फोसाइट पेशी जास्त, प्रथिनं जास्त, एडीए चाळीसच्या बराच वर. क्षयरोगाची औषधं सुरू झाली, सहा महिन्यांची.

चार दिवसांनी एका शेजाऱ्याचा मुलगा आला. जुनवानी रोडवरच्या कॉलेजात शिकतो, उंच, काटकुळा, बावीसचा. बसल्या बसल्या डाव्या छातीत सुरी खुपसावी तशी कळ आली आणि श्वास अपुरा पडू लागला. काकूंपेक्षा तो कितीतरी अधिक घाबरला होता. काकूंच्या शरीराला सवय करून घ्यायला महिना मिळाला होता, याला काही मिनिटं.

डावी छाती कमी हलत होती. श्वासाचा आवाज तिथेही गेलेला, "एक, दोन, तीन"चा कंपही गेलेला. इथवर काकूंसारखंच. पण ठोकलं तर नाद उजव्या बाजूपेक्षा जास्त पोकळ, आणि हृदयावर जिथे बद्द आवाज यायला हवा तिथेही पोकळच. आवाज वरपासून खालपर्यंत सगळीकडेच कमी होता. हवा पाण्यासारखी तळाशी बसत नाही, ती फुप्फुसाला चहूकडून वेढते आणि दाबाचा तो फरकच संपवते. फुप्फुस आपल्याच ओढीने मुळाकडे आकसतं, बरगड्या फाकतात. कर्कश आवाजाचा तो पट्टा याच्यात सापडतच नाही.

मी लगेच नाडी आणि रक्तदाब बघितला. गळ्यातली श्वासनलिका मधोमध होती, रक्तदाब नीट, ऑक्सिजन ९४. नलिका उजवीकडे ढकललेली असती, मानेच्या शिरा फुगल्या असत्या आणि रक्तदाब कोसळत असता, तर गळती एकतर्फी झडपेसारखी आहे असं धरून, एक्स-रेची वाट न बघता सुई घालावी लागली असती. तशी वेळ नव्हती. ऑक्सिजन लावून रुग्णालयात पाठवला. एक्स-रेत फुप्फुसाची बारीक कड दिसत होती आणि तिच्यापलीकडे एकही रेघ नव्हती. मुळाच्या पातळीला हा काळा पट्टा दोन सेंटीमीटरहून थोडा रुंद. दिसायला किरकोळ, पण फुप्फुस सगळ्या दिशांनी आकसलेलं असतं, म्हणून एवढ्या पट्ट्यात त्याचं जवळपास निम्मं आकारमान गेलेलं असतं. काखेखाली नळी घातली, बाटलीत बुडबुडे आले.

बोटांवरही आंधळा भरवसा नाही. पाव लिटरपर्यंतचं पाणी बोटाला बहुधा कळतच नाही, लहानशी हवाही निसटते. वर्षानुवर्षं विडी ओढून दोन्ही फुप्फुसं फुगलेल्या माणसात दोन्हीकडे पोकळच वाजतं, तिथे फरक शोधणं कठीण. आणि बद्द वाजतंय, आवाज नाही, म्हणून पाणीच, असंही नसतं. गाठीने श्वासनलिका बंद होऊन फुप्फुस मिटलं तरी हेच सापडतं. फक्त तेव्हा गळ्यातली नलिका रोगाच्या बाजूला ओढलेली असते, आणि भरपूर पाणी असेल तर उलट बाजूला ढकललेली. मिटलेल्या फुप्फुसाला पाणी समजून ते काढायला सुई घातली, तर पाणी निघत नाही आणि हवा मात्र आत जाऊ शकते.

मुलाची नळी काढल्यावर त्याच्या आईने विचारलं, "डॉक्टर काका, पुण्याला बहिणीकडे विमानाने जाऊ द्यायचं ना?" मी नाही म्हटलं. विमानात दाब कमी होतो आणि छातीत उरलेली हवा फुगते. एक्स-रेत फुप्फुस पूर्ण उलगडलेलं दिसल्यावरही निदान आठवडाभर थांबायचं, सिगारेट कायमची बंद, आणि पुन्हा तशी कळ आली तर वाट बघत बसायचं नाही, कारण हे परत होणाऱ्यांचं प्रमाण तिघांत एकाच्या आसपास आहे. त्यांनी दुर्गहून आझाद हिंद एक्सप्रेसचं तिकीट काढलं.