वेसाव्याला निघायची वेळ

वर्सोवा हे नाव मेट्रोच्या पाटीवर असतं. आम्ही गावातले लोक वेसावाच म्हणतो. जानेवारीत इथे कोळी सी-फूड फेस्टिव्हल भरतो. गावातल्या बायका मांडवात स्टॉल लावतात आणि संध्याकाळपासून रात्रीपर्यंत तव्यावरून मासा उतरत राहतो. माझ्या काकीच्या बचत गटाचाही स्टॉल असतो. गटाच्या इन्स्टाग्राम खात्यावर आधीच्या आठवड्यात रोज एक स्टोरी टाकायचं काम तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे आलं.

पहिल्या वर्षी मी एकच पोस्टर केलं. त्यावर सरंग्याचा फोटो, तारीख आणि मोठ्या अक्षरात ‘फक्त ६ दिवस’. दुसऱ्या दिवशी त्याच पोस्टरवर पाच, मग चार, मग तीन. मला वाटलं होतं, आकडा उतरेल तशी लोकांची ओढ चढेल. झालं उलटं. पहिली स्टोरी जितक्यांनी पाहिली, त्यांतले निम्मेसुद्धा चौथ्या दिवशी उरले नव्हते. बघणाऱ्यांतलेही बरेच जण लगेच बोट टेकवून पुढे गेल्याचं आकडे सांगत होते. कांदिवलीच्या मैत्रिणीला विचारलं, तर ती म्हणाली, “अगं, पहिली बघितली ना. तीच पुन्हा कशाला बघू?” तिचं बरोबर होतं. दिवस कमी होतायत हे कॅलेंडरही सांगतं. माझ्या पोस्टमध्ये दुसरं काहीच नव्हतं.

पुढच्या वर्षी मी डिसेंबरातच वही घेऊन बसले. आदल्या वर्षी स्टॉलवर आणि मेसेजमधून लोकांनी विचारलेलं आठवेल तेवढं लिहून काढलं. किती पैसे लागतील? दोघंच आलो तर चार प्रकार कसे खाणार? बोरिवलीहून कसं यायचं? मसाला फार तिखट असतो का? बोंबलात काटा येईल का, मुलं खातील का? यायचं मनात असूनही घरी बसलेली माणसं याच प्रश्नांपाशी अडकली होती. म्हणून ठरवलं, रोज एकच स्टोरी आणि तिच्यात यातल्या एकाच अडचणीचं उत्तर. त्या दिवशी दुसरं काही सांगायचं नाही.

सहा दिवस आधी मसाला आला. काकी घरी मिरच्या भाजते तेव्हा शेजारची चार घरं शिंकतात. मी पंधरा सेकंदांचा व्हिडिओ घेतला आणि त्यावर दोन ओळी लिहिल्या: मसाला घरचा, तिखट कमी हवं तर तळताना सांगा. पाच दिवस आधी बोंबील.

तो व्हिडिओ घ्यायला मी काकीच्या ओट्याशी उभी राहिले. बोंबलाच्या अंगात पाणी फार. तो तसाच तव्यावर टाकला तर पाणी सुटतं आणि मासा तुटतो. काकीने डोकं, शेपूट, पर काढले, पोटाच्या बाजूने उभी चीर दिली आणि अंगठा आत सरकवत मधला काटा अलगद उचलला. उघडलेला बोंबील वहीच्या पानासारखा सपाट झाला. मग मीठ लावून बोंबलांची एक रांग फळीवर मांडली, वर दुसरी फळी आणि त्यावर पाटा. अर्ध्या तासाने फळीच्या कडेने पाण्याची धार लागली होती. त्यानंतर मसाला, तांदळाचं पीठ आणि रवा. मी काटा बाहेर येतो तो क्षण आणि फळीखालचं पाणी एवढंच ठेवलं आणि लिहिलं, ‘काटा आम्ही काढलाय’. काकी म्हणाली, “गो पोरी, तयार बोंबील दाखव ना, हे पाणी काय दाखवतेस?” पण त्या आठवड्यात सगळ्यात जास्त उत्तरं त्याच स्टोरीला आली. लहान मुलांच्या आयांची तर होतीच, शिवाय घरी बोंबील का तुटतो हे वर्षानुवर्षं न कळलेल्या बायकांचीही होती.

चार दिवस आधी दर आणि अर्धी प्लेट मिळेल हे सांगितलं. त्यात आणखी सांगण्यासारखं काही नाही.

स्टोरीवर लावायचं काउंटडाउनचं स्टिकर हा या सगळ्यातला सर्वांत कामाचा भाग आणि मी पहिल्या वर्षी तिथेच चुकले होते. त्या स्टिकरला नाव द्यायचं असतं आणि संपायची तारीख-वेळ लावायची असते. बघणाऱ्याने त्यावर बोट टेकवून Remind me निवडलं की वेळ संपताच त्याच्या फोनवर सूचना जाते. मी वेळ लावली होती शुक्रवारी संध्याकाळी सहा, कारण मांडव सहाला उघडतो. म्हणजे घाटकोपरच्या माणसाचा फोन सहाला वाजणार, तेव्हा तो ऑफिसातून निघून घरच्या गाडीत चढलेला असणार. आठवण झाली, पण उलट्या दिशेच्या प्रवासात. दुसऱ्या वर्षी मी वेळ चारची लावली आणि नाव दिलं ‘वेसाव्याला निघायची वेळ’. चार वाजता माणूस जागेवरच असतो, घरी फोन करून ठरवू शकतो आणि थेट इकडे वळू शकतो.

दुसरी चूक म्हणजे मी रोज नवं काउंटडाउन बनवत होते. खरं तर एकदा बनवलेलं काउंटडाउन संपेपर्यंत स्टिकरच्या खणात राहतं, पुढच्या स्टोरीवर तेच उचलून लावायचं. रोज नवं केलं की सोमवारी आठवण लावलेल्या माणसाला मंगळवारी पुन्हा लावायला सांगितल्यासारखं होतं आणि एकूण किती जण येणार याचा अंदाजही फुटून जातो. स्टिकर पडद्याच्या तळाशीही ठेवायचं नाही, तिथे उत्तर लिहायची पट्टी येते. मी मधोमध, व्हिडिओतल्या हाताच्या जरा खाली ठेवायला लागले.

तीन दिवस आधीची स्टोरी रस्त्याची होती. बाहेरच्या माणसाला इथेच हमखास चकवा लागतो. मेट्रो स्टेशनचं नाव वर्सोवा, पण ते सात बंगल्याला आहे. कोळीवाडा तिथून बराच आत, खाडीच्या तोंडाशी. आदल्या वर्षी एक कुटुंब स्टेशनवर उतरून ‘समुद्र कुठे?’ विचारत चालत राहिलं आणि पोहोचेपर्यंत मुलं रडकुंडीला आली होती. म्हणून मी नुसता नकाशा टाकला नाही. बोरिवलीकरासाठी एक वाट शब्दांत लिहिली: मेट्रो २ए ने अंधेरी पश्चिम, पुलावरून डी. एन. नगर, तिथून एकच स्टेशन वर्सोवा, खाली उतरून रिक्षाला ‘वर्सोवा गाव’ सांगा. मढच्या लोकांना हे सांगायची गरज नाही, त्यांना जेट्टीची फेरी आहे. २०२३च्या जानेवारीत २ए पूर्ण सुरू झाल्यापासून बोरिवली-दहिसरच्या माणसाला आमचा गाव जवळ आला, पण हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं.

खात्याचे फॉलोअर तेव्हा चारशेच्या आसपास होते आणि स्टोरी मुख्यतः त्यांनाच दिसते. म्हणून प्रत्येक स्टोरीत एका घरच्या पोराचं किंवा पोरीचं खातं मेन्शन केलं. मेन्शन केलेल्या माणसाला ती स्टोरी स्वतःच्या स्टोरीत घेता येते. बोंबलाची स्टोरी काकीच्या नातीच्या कॉलेजात फिरली ती अशी. मध्येच येऊन पडलेल्यांसाठी सगळ्या स्टोऱ्या हायलाइटमध्ये ठेवल्या, नाहीतर चोवीस तासांनी पहिलं कारण गायब आणि नव्या माणसाच्या हाती फक्त उरलेले दिवस.

आता चुकीकडे येते. दोन दिवस आधीच्या स्टोरीसाठी मला जोरदार कारण हवं होतं. दादाची होडी त्या आठवड्यात चांगली चालली होती, म्हणून मी बुधवारी टाकलं: शुक्रवारी भरलेल्या चिंबोऱ्या. आठवण लावणाऱ्यांची संख्या एका रात्रीत वाढली. दादाला सांगितलं तर त्याने जाळं शिवता शिवता वर पाहिलं. “दर्याला विचारलंस का?” एवढंच म्हणाला. शुक्रवारी सकाळी चिंबोऱ्या आल्या त्या टोपलीभरही नव्हत्या. काकीने एक उचलून पोटाखालचं कवच दाबलं. ते आत दबलं. मग हातावर तोलून बघितली, हलकी होती. अशा चिंबोरीला आम्ही पोकळ म्हणतो, आत मांस नसतं. “ही लोकांच्या ताटात घालायची नाही,” काकी म्हणाली.

मी दुपारी बारा वाजता स्टोरी टाकली: आज चिंबोरी नाही, आली ती पोकळ होती म्हणून ठेवली नाही, मांदेली ताजी आहे. बुधवारची पोस्ट हायलाइटमध्ये होतीच, वाचणाऱ्यांच्या डोक्यातूनही ती मिटली नव्हती. संध्याकाळी अंधेरीहून आलेल्या एका बाई स्टॉलवर येऊन म्हणाल्या, “आम्ही चिंबोरीसाठीच निघालो होतो. बाराची पोस्ट बघितली म्हणून नवऱ्याला आधीच सांगून ठेवलं.” त्या मांदेली खायला बसल्या. ज्यांनी बाराची पोस्ट पाहिली नाही असे तिघे जण तोंड पाडून गेले. त्यांना मी काय सांगणार होते?

तेव्हापासून माझ्या वहीत कारणांचे दोन रकाने आहेत. पहिल्यात आमच्या हातातलं: मसाला, काटा काढलेला बोंबील, दर, अर्धी प्लेट, रस्ता. हे आधीच्या दिवसांत एकेक करून जातं. दुसऱ्यात दर्याच्या हातातलं. त्याची जागा शेवटच्या सकाळी, होडी लागल्यावर, टोपलीतला मासा समोर असताना. त्या सकाळच्या स्टोरीत फोटो त्याच दिवसाचा असतो आणि मासा कुठला ते काकी ठरवते. शेवटच्या दिवशी ताजं कारण मिळतं म्हणून ही स्टोरी सगळ्यात जास्त जण शेवटपर्यंत बघतात हे नंतर लक्षात आलं, पण क्रम मी त्यासाठी लावला नव्हता. परत त्या तिघांसारखं कुणी जाऊ नये म्हणून लावला होता.

गेल्या वर्षी पापलेट मिळालं, बोंबील भरपूर होता आणि रविवारी रात्री साडेनऊला मांदेली संपली. त्या बुधवारनंतर चिंबोरी मी अजून एकदाही आधी जाहीर केलेली नाही. तुम्ही येणार असाल तर शेवटच्या सकाळची स्टोरी बघून निघा, आणि रिक्षावाल्याला स्टेशन नाही, गाव सांगा.