उजव्या हाताला आधार कुठे?

बाबांच्या मेंदूच्या उजव्या बाजूला पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांचं डावं अंग लुळं पडलं. हॉस्पिटलमधून सोडायच्या आधी डॉक्टरांनी ऑक्युपेशनल थेरपिस्टला आमचं पुण्यातलं घर बघायला पाठवलं. त्या येणार म्हणजे पायपुसणी उचला, वायरी बाजूला करा असं काहीतरी सांगतील, अशी आमची समजूत होती. तेही त्यांनी सांगितलं, पण दोन ओळींत. बाकी सगळा अहवाल बाबांच्या एका उजव्या हाताभोवती फिरत होता.

त्यासाठी बाबांना दुपारपुरतं घरी आणलं होतं. मॅडम हातात टेप घेऊन आल्या, पण आधी मोजमाप घेतलं नाही. "काका, रोज जाता तसं संडासात जाऊन दाखवा, मी मागे आहे," एवढंच म्हणाल्या. कपडे न काढता बाबा चार पायांची काठी टेकत निघाले. दाराशी डावा खांदा चौकटीवर आपटला. त्यांना ते कळलंही नाही. बाथरूमच्या दोन इंची उंबऱ्याला डाव्या पायाचा चवडा अडकला. कमोडवर बसताना शेवटचं चार बोटं अंतर ते धप्पकन पडले, आणि उठताना उजवा हात हवेत काहीतरी शोधत राहिला. शेवटी त्यांनी टॉवेलचा रॉड धरला. मॅडमनी तो लगेच सोडायला लावला. असा रॉड दोन छोट्या स्क्रूंवर उभा असतो, माणसाचं वजन आलं की भिंतीतून निघतो.

आमच्या कमोडला लागून भिंत आहे ती डावीकडे. मिस्त्रीने तिथेच बार ठोकायचं सुचवलं होतं, कारण ठोकायला जागा तिथेच होती. पण त्या बाजूचा हात बाबांना उचलताच येत नाही. मग दुकानात मिळते ती कमोडवर ठेवायची दोन हातांची चौकट चालेल का, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "दोन्ही हातांनी सारखा जोर लावणाऱ्याला ती ठीक. काका फक्त उजवीकडून रेटणार, म्हणजे ती कलंडायची भीती." अहवालात त्यांनी मागच्या भिंतीवर, कमोडच्या उजव्या बाजूला, खाली-वर दुमडणारा बार लिहिला, तोही प्लास्टिकच्या गुट्ट्यांत नको, विटांच्या भिंतीत अँकर फास्टनरने बसवायचा. बाबांच्या गुडघ्यामागच्या खाचेपासून जमिनीपर्यंत 17 इंच भरले आणि कमोड होता 15 इंचांचा, म्हणून सीटवर दोन इंचांचा उंचवटा. उंची त्याहून वाढवायची नाही, कारण पाय जमिनीवर सपाट टेकले नाहीत तर माणूस पुढे घसरतो.

उंबऱ्याचं उत्तर मला सगळ्यात शहाणपणाचं वाटलं. तो काढला असता तर पाणी खोलीत आलं असतं; आणि दोन इंचांना बेताचा उतार द्यायचा तर दोन फूट लांबी लागते, ती आत नव्हती. म्हणून उंबरा ठेवून त्यावर पिवळी पट्टी, आणि चौकटीच्या दोन्ही अंगांना एकेक उभा बार. दोन कशाला? आत जाताना जो बार उजव्या हाताला येतो, तोच बाहेर येताना डावीकडे जातो. एकच लावला असता तर बाबा आत गेले असते, पण बाहेर येताना धरायला काही नसतं. बाथरूमचं दार आत उघडायचं, ते बाहेर उघडेल असं फिरवायला सांगितलं. माणूस आत दारामागे पडला तर दार ढकलता येत नाही.

खांदा आपटला तो अशक्तपणामुळे नव्हे, हे आम्हाला अहवालातूनच कळलं. उजव्या मेंदूला इजा झाली की अनेकदा डोळे चांगले असूनही डावीकडच्या जगाकडे लक्षच जात नाही. बाबा ताटातली डावीकडची चटणी, कोशिंबीर तशीच सोडत होते. आम्हाला वाटलं, भूक मेली. अहवालात यावर दोन वेगवेगळ्या सूचना होत्या. जिच्यावर जीव अवलंबून आहे ती वस्तू उजवीकडे: बेल, काठी, रात्रीचा दिवा. आणि सरावाची वस्तू डावीकडे: गप्पा मारणाऱ्याची खुर्ची, टीव्ही. दाराच्या डाव्या चौकटीला लाल पट्टी लावायची आणि "आधी लाल शोधा" असं दर वेळी म्हणायचं. आंघोळीचं पाणीही उजव्याच हाताने बघायचं. डाव्या हाताला चटका कळत नव्हता.

झटक्यानंतरचे पहिले काही महिने अंगात फरक पडत राहतो, म्हणून मॅडमनी अहवालाखाली फेरतपासणी लिहिली होती. दुसऱ्या खेपेला त्यांनी सीटवरचा उंचवटा काढायला लावला. बार तसेच ठेवले.

तुमच्या घरी असा रुग्ण येणार असेल तर मिस्त्रीला बोलावण्याआधी थेरपिस्टला बोलवा, आणि रुग्ण घरात असतानाच बोलवा. रिकामं बाथरूम बघून बार कुठे लावायचा ते ठरत नाही.