आबांची चोवीस सेंटिमीटरची मूर्ती

२०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फोटोवरून आपली 'कलेक्टिबल' मूर्ती बनवण्याची लाट आली होती. म्हणजे खरी मूर्ती नव्हे, तर मूर्तीचे चित्र. टेबलावर छोटा पुतळा, खाली पारदर्शक बैठक आणि शेजारी त्याचा खोका. हे सगळे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन काढते. आपण फोटो द्यायचा आणि सूचना, म्हणजे प्रॉम्प्ट, लिहायची. दिवाळीच्या सुट्टीत आबांच्या पंच्याहत्तरीसाठी मी असे चित्र करायला घेतले. त्यातून मला कळले की सगळी मेख सूचनेत असते.

नुसते 'याची मूर्ती कर' असे लिहिले की छोटा झालेला जिवंत माणूस मिळतो. त्याची कातडी खरी दिसते आणि केस एकेक सुटे दिसतात. मूर्ती वाटायला हवी तर साहित्य सांगावे लागते: रंगवलेले पीव्हीसी, चकाकी नसलेला मॅट रंग, केस एकसंध कोरलेले, कपड्यांच्या घड्या साच्यातून निघाल्यासारख्या. पारख सोपी आहे. चित्र मोठे करून मिशी पाहा. केस मोजता आले तर साहित्य चुकले.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. आबांची उंची १७० सेंटिमीटर. १/७ प्रमाणात पुतळा साधारण २४ सेंटिमीटरचा होतो. पण आकडा लिहिला तरी साधन तो मोजून पाळेलच असे नाही. म्हणून मी शेजारी काडेपेटी ठेवायला सांगितली. काडेपेटी साधारण ५ सेंटिमीटर लांब असते, म्हणजे पुतळा तिच्या जवळजवळ पाचपट दिसला पाहिजे. खोकाही पुतळ्यापेक्षा उंच हवा, नाहीतर पुतळा त्यात मावणार कसा?

बैठकीसाठी गोल, पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची चकती सांगितली. तिच्यावर आबांचे नाव मागितले, तर जोडाक्षरे मोडून आली. तेव्हा 'बैठकीवर आणि खोक्यावर कोणतेही अक्षर किंवा चिन्ह नको' असे लिहिले आणि नाव नंतर मोबाईलवर वेगळे टाकले.

खरी अडचण फोटोची होती. आबांनी निवडलेला फोटो १९७५ सालचा, कृष्णधवल, गणवेशातला, कमरेपर्यंतचा. फोटोत जे नाही ते साधन अंदाजाने भरते. त्याने आबांना पाय दिले, बूट दिले आणि छातीवर पाच रंगीत फिती दिल्या. फोटोत फिती तीनच होत्या, त्याही करड्या. करड्यावरून मूळ रंग ओळखता येत नाही.

छापलेले चित्र आबांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले. मग ट्रंकेतून आपली फीतपट्टी काढून शेजारी ठेवली. पूर्वी स्टार, संग्राम मेडल आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे मेडल. चित्रातला एकही रंग जुळत नव्हता.

"ह्या दोन जादा हायेत. माझ्या न्हाईत," ते म्हणाले. "जे मिळालं न्हाई ते छातीवर लावायचं नसतं, बाळा. चित्रातबी न्हाई."

मी सूचनेत 'फिती फक्त तीन' असे लिहून पाहिले. संख्या बरोबर आली, पण रंग मनाचेच राहिले. खेळण्याच्या चित्रात ही बारीक गोष्ट ठरेल. गणवेशात मात्र प्रत्येक फीत म्हणजे एक नोंद असते. मग आम्ही फोटोच बदलला. अंगणात, दिवसाच्या उजेडात, आबांचा पायापर्यंतचा नवा फोटो काढला. सदरा, धोतर, टोपी आणि हातात काठी. आता साधनाला समोरून काहीच कल्पायचे उरले नाही. शेवटची सूचना अशी:

"या फोटोतील व्यक्तीची १/७ प्रमाणातील संग्राह्य मूर्ती. चेहरा, वय, सुरकुत्या आणि कपडे फोटोप्रमाणेच. काही वाढवू नये. रंगवलेले पीव्हीसी, मॅट. गोल पारदर्शक अ‍ॅक्रिलिक बैठक. लाकडी टेबल, डावीकडून खिडकीचा उजेड. शेजारी काडेपेटी. मागे पारदर्शक खिडकीचा पुठ्ठ्याचा खोका, त्यावर याच व्यक्तीचे चित्र, चेहरा मूर्तीसारखाच. कुठेही अक्षर, बोधचिन्ह किंवा पदक नको."

'सुरकुत्या' हा शब्द मुद्दाम घातला. तो नसताना आबा पन्नाशीचे दिसत होते. खोक्यावरचा चेहरा मूर्तीपेक्षा वेगळा येतो, म्हणून तेही लिहिले. तिसऱ्या प्रयत्नात दोन्ही चेहरे जुळले.

कोणी हे करणार असेल तर दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. या चित्रावरून हुबेहूब खरी मूर्ती छापता येत नाही, कारण एका फोटोत पाठ नसते. आणि फोटो साधनाला दिला की तो आपल्या हातातून बाहेर जातो. त्यामुळे शाळेच्या आवारातला, शस्त्रागाराजवळचा किंवा सोबत्याचा फोटो परवानगीशिवाय वापरू नये.

आबांनी ते चित्र देवळीशेजारी लावले आहे. फीतपट्टी परत ट्रंकेत गेली.