दोनदा तपासलेला पेपर



यंदा आमची धाकटी दहावीला. सराव परीक्षेचा गणिताचा पेपर घरी आला आणि ४० पैकी सहा गुण निव्वळ चुकांमध्ये गेलेले दिसले. माझ्या तोंडून पटकन निघालं, "किती निष्काळजीपणा!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, मी दोनदा तपासला होता गं."

ती खरं बोलत होती. संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताआधी आटोपून आम्ही दोघी पेपर घेऊन बसलो. सासूबाई शेजारीच किराण्याचा हिशेब करत होत्या. त्या बेरीज एकदा वरून खाली करतात आणि पडताळायला खालून वर. म्हणाल्या, "त्याच वाटेनं परत गेलं की त्याच खड्ड्यात पाय पडतो." लेकीचं नेमकं हेच झालं होतं. तिने आपल्याच पायऱ्या पुन्हा वाचल्या होत्या, आणि वाचताना त्या बरोबरच वाटल्या होत्या.

पहिलं गणित पाण्याच्या गोल टाकीचं. त्रिज्या ७० सेंटिमीटर, उंची दीड मीटर, तर पाणी किती मावेल? तिने २२/७ × ७० × ७० × १.५ करून २३,१०० घनसेंटिमीटर, म्हणजे २३.१ लिटर असं लिहिलं होतं. गुणाकार अगदी बिनचूक!

मी म्हटलं, "अगं, आपली मोठी कळशी दहा-बारा लिटरची. तुझ्या टाकीत दोनच कळशा पाणी मावलं. पण ही टाकी १४० सेंटिमीटर रुंद आहे, तू आत उभी राहशील!" तिला हसू आलं.

मग अंदाज कसा करायचा ते पाहिलं. टाकी एका चौकोनी खोक्यात बसवली असं समजायचं. खोक्याची लांबी-रुंदी १.४ मीटर, उंची १.५ मीटर. १.४ गुणिले १.४ म्हणजे जवळजवळ २, त्याला १.५ ने गुणलं की ३ घनमीटर, म्हणजे ३,००० लिटर. गोल टाकी त्या खोक्याचा पाऊण भागाहून किंचित जास्त भाग व्यापते. म्हणजे उत्तर २,३०० लिटरच्या आसपास हवं.

चूक कुठे झाली ते एककांनी दाखवलं. प्रत्येक आकड्यापुढे तिला एकक लिहायला लावलं: ७० सेंमी, ७० सेंमी, १.५ मीटर. सेंटिमीटरच्या रांगेत मीटर घुसला होता. दीड मीटरचे १५० सेंटिमीटर केल्यावर उत्तर आलं २३,१०,००० घनसेंटिमीटर, म्हणजे २,३१० लिटर.

दुसरं गणित वयाचं. आईचं वय मुलीच्या वयाच्या तिपटीपेक्षा ४ ने जास्त. सहा वर्षांनी ते मुलीच्या तेव्हाच्या वयाच्या दुपटीपेक्षा १० ने जास्त असेल. हिचं उत्तर मुलगी १८, आई ५८. अंदाजाला खटकेल असं यात काही नाही, एककंही ठीक. तिने उत्तर समीकरणात घालूनही पाहिलं होतं आणि ते जुळलं होतं.

तरीही चूक, कारण समीकरणच चुकलं होतं. मुलीच्या वयात तिने ६ मिळवले, आईच्या वयात मिळवायचे राहिले. म्हणून उत्तर आपल्या समीकरणात नाही, तर प्रश्नातल्या वाक्यात घालायचं. सहा वर्षांनी मुलगी २४, आई ६४. चोविसाची दुप्पट ४८, अधिक १०, म्हणजे ५८. पण आई तर ६४ ची! अर्ध्या मिनिटात चूक हाती लागली. बरोबर उत्तर १२ आणि ४०. सहा वर्षांनी १८ आणि ४६. अठराची दुप्पट ३६, अधिक १०, झाले ४६.

एका चाळणीत सगळे खडे सापडत नाहीत. २,३१० च्या जागी २,१३० लिहिलं तर अंदाज ते पकडणार नाही. शंकूच्या घनफळात एक तृतीयांश विसरलं तर एककं काही बोलणार नाहीत, तिथे अंदाजच हवा.

आता तिने ठरवलंय, मोजमापाच्या गणितात आकडेमोडीआधी एककं आणि अंदाज समासात लिहायचे. शेवटची दहा मिनिटं समीकरणांच्या शाब्दिक गणितांसाठी ठेवायची आणि उत्तर प्रश्नाच्या वाक्यात घालून बघायचं. चूक सापडली तरी नवं उत्तर पूर्ण होईपर्यंत जुनं खोडायचं नाही.

आणि मी? "निष्काळजी" हा शब्द मी मागे घेतला. तिने तपासलं होतं, फक्त कसं तपासायचं हे मी तिला कधी दाखवलंच नव्हतं.